तुझ्या नावाच्या खिशात

प्रिय,

तुझं नाव इथं घालत नाही. हे छापून येणार आहे, आणि आपलं नाव चारचौघांत वाचलेलं तुला आवडत नाही.

ग्रंथालयाच्या देवघेवीच्या टेबलावर, तिथं बसणाऱ्या काकांच्या उजव्या हाताला असलेला तो लांबट लाकडी ट्रे तू कॉलेजची तीन वर्षं जवळजवळ रोज पाहिलास. त्यात काय असतं हे तू कधी विचारलं नाहीस आणि मीही इतक्या वर्षांत कधी नीट सांगितलं नाही. परवा जेवताना लेकीनं विचारलं, कॉलेजात तुम्ही एकमेकांना चिठ्ठी तरी लिहिली होती का? तू म्हणालास, "चिठ्ठी नाही, निरोप नाही. आमचं काहीच लिहिलेलं नाही." तिनं ते खरं मानलं. मला मात्र ते रात्रभर बोचत राहिलं, कारण लिहिलेलं होतं. तुझ्या हातचं नव्हतं, माझ्याही हातचं नव्हतं, पण होतं, आणि त्या ट्रेमध्ये होतं. पुढं मी याच कामात आयुष्य काढलं म्हणून मला ते वाचता आलं. तुलाही ते वाचता यावं म्हणून हे पत्र.

आपण 1984 साली सांगलीत एफ.वाय.ला आलो. तू भिलवडीकडून एसटीनं यायचास, मी गावभागातून चालत. आपलं ग्रंथालय सकाळी कॉलेजच्या आधी उघडायचं. वाचनकक्षात डाव्या हाताला मुलांची टेबलं, उजव्या हाताला "मुलींसाठी" अशी पाटी असलेली दोन टेबलं. आणि शेवटी खिडकीशी, संदर्भ विभागाच्या कपाटाला लागून एक टेबल, ज्याच्यावर कसलीच पाटी नव्हती. तिथं सहसा कुणी बसत नसे. मी बसायची, कारण दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग त्या कपाटात होते. संदर्भग्रंथ घरी मिळत नाहीत आणि ते जाडजूड खंड कपाटापासून लांब वाहून नेणंही सोपं नव्हतं. तू बसायचास, कारण त्याच कपाटात भौतिकशास्त्राचा परिभाषा कोश होता. तुझी शाळा मराठीतून झालेली. प्राध्यापक इंग्रजीतून बोलायचे ते तू वहीच्या डाव्या पानावर लिहून आणायचास आणि सकाळी कोश उघडून उजव्या पानावर मराठीत मांडायचास. तुझी ती दुपानी वही मी समोरून उलटी वाचायला शिकले. असं दोन वर्षं चाललं. पंखा कुणी लावायचा आणि खिडकी कुणी बंद करायची, एवढंच आपल्यात ठरलेलं होतं, तेही न ठरवता.

लेकीला हे विचित्र वाटतं. दोन वर्षं समोरासमोर बसून बोलला नाहीत? तिला कसं सांगू, की त्या गावात, त्या दिवसांत, बोललं की ते घरी पोचायचं. माझा मामा मारुती रोडवर रोज संध्याकाळी कट्ट्यावर बसायचा आणि त्याच्या मित्रांची मुलं आपल्याच कॉलेजात होती. तुझ्या घरी दोन बहिणींची लग्नं व्हायची होती. त्या टेबलावरून उठवलं जाऊ नये, एवढ्यासाठी आपण गप्प राहिलो. बोलणं सुरू झालं असतं तर बसणं संपलं असतं, हे आपल्या दोघांनाही कळत होतं असं मला वाटतं.

आता ट्रेबद्दल. ती पद्धत नीना ब्राउन नावाच्या एका अमेरिकन ग्रंथपाल बाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घालून दिली. तिला ब्राउन पद्धतच म्हणतात. आपल्याकडच्या कितीतरी कॉलेजांत ती संगणक येईपर्यंत चालू होती. विद्यार्थ्याला बी.टी. मिळायची. आपल्याला दोन-दोन होत्या, आठवतं? ती बी.टी. म्हणजे साधं कार्ड नव्हतं, जाड कागदाचा छोटा खिसा होता. त्यावर नाव, वर्ग, रोल नंबर. पुस्तकाच्या आतल्या पुठ्ठ्यालाही तसाच एक खिसा चिकटवलेला असायचा आणि त्यात त्या पुस्तकाचं पत्र. पत्रावर लेखक, शीर्षक, वर्गांक आणि दाखल क्रमांक. पुस्तक घरी न्यायचं झालं की काका पुस्तकातलं पत्र काढायचे, आपल्या बी.टी.च्या खिशात सरकवायचे, पुस्तकातल्या तारीखपट्टीवर परतीच्या तारखेचा शिक्का मारायचे आणि ती बी.टी. ट्रेमध्ये त्या तारखेच्या मागं ठेवून द्यायचे. एका तारखेच्या आत सगळ्या बी.टी. दाखल क्रमांकानं लावलेल्या. पुस्तक परत आलं की उलटा प्रवास. पट्टीवरची तारीख बघायची, ट्रेमध्ये त्या तारखेला जायचं, दाखल क्रमांक शोधायचा, पत्र पुस्तकात आणि बी.टी. विद्यार्थ्याच्या हातात.

म्हणजे पुस्तक बाहेर असेतोवर त्याची सगळी ओळख एका माणसाच्या नावाच्या खिशात बसलेली असते. आणि पुस्तक परत आलं की काहीही उरत नाही. पट्टीवर तारीख राहते, नाव नाही. कुणी काय वाचलं हे ब्राउन पद्धत विसरून जाते. पुढं आमच्याकडे बारकोड आला. विद्यार्थ्याचं नाव टाकलं की प्रवेशापासूनची सगळी पुस्तकं पडद्यावर यायची. त्याचे फायदे मी निवृत्त होईपर्यंत रोज घेतले. पण मला वाटतं, तेव्हा तसं असतं तर आपलं जे झालं ते झालं नसतं. काकांखेरीज दुसऱ्या कुणीतरी ते बघितलं असतं. त्या ट्रेला फक्त आजचं ठाऊक असायचं.

1986 चा पावसाळा. आपण टी.वाय.ला. तुला गोल्डस्टाइनचं क्लासिकल मेकॅनिक्स हवं होतं. ग्रंथालयात त्याची एकच प्रत आणि एम.एस्सी.ला जायचं म्हणणारे तुझ्या वर्गातले सगळे त्याच्यामागं. मुदत आठ दिवस. नियम असा, की मागणी असलेलं पुस्तक परत केल्यावर लगेच त्याच नावावर मिळत नाही, एक रात्र कपाटात राहिलं पाहिजे. आणि एक रात्र कपाटात राहिलं की सकाळी सात-आठ जण रांगेत असणार, हे तुला माहीत होतं. तू ते टेबलावर ठेवलंस आणि काकांना म्हणालास, "अजून तिसरं प्रकरण राहिलंय." काका म्हणाले, "नियम सगळ्यांना आहे, बाळ."

मी तुझ्या मागं होते. माझी एक बी.टी. रिकामी होती. मी ती पुढं केली आणि म्हणाले, "मला द्या."

काकांनी बी.टी. वाचली. टी.वाय.बी.ए., मराठी. पुस्तकाचा वर्गांक वाचला, 531. डोळ्यांवरचा चष्मा खाली घेऊन माझ्याकडं बघितलं. ज्याच्या हातात बी.टी. त्याला पुस्तक, यात नियमाला धरून काही चुकत नव्हतं. मराठीच्या मुलीनं यंत्रशास्त्र वाचू नये असं कुठंच लिहिलेलं नव्हतं. त्यांनी पत्र काढून माझ्या खिशात घातलं, शिक्का मारला. मी टेबलाशी आले आणि पुस्तक तुझ्या वहीवर ठेवलं.

तू म्हणालास, "हे तुमच्या नावावर आहे. दंड पडला तर?"

"तर तुम्ही भरा."

तोवरचं आपलं ते सगळ्यात मोठं बोलणं.

त्यानंतर काय झालं ते तू विसरलास असं मला वाटत नाही, पण तू ते कधी मोजत नाहीस. मी लीळाचरित्रासाठी मागणीपत्र भरत होते. डॉ. कोलत्यांनी संपादित केलेलं, 1978 साली साहित्य-संस्कृती मंडळानं काढलेलं. आपल्याकडे प्रत एकच, आणि दर वेळी उत्तर तेच, "बाहेर आहे." तालिकेच्या खणाशी उभी राहून मी पुन्हा पुन्हा तेच पत्र काढून बघायची, जणू तिथं दुसरी प्रत उगवणार होती. तू ते कधीतरी पाहिलं असशील. एका सकाळी मी आले तर माझ्या जागेवर लीळाचरित्र. पट्टीवर ताजा शिक्का, शाई पुरती वाळलेलीही नव्हती. तू परिभाषा कोशात डोकं घालून बसलेला. त्या दिवशी पुस्तक परत येणार हे तुला कसं कळलं, हे मला फार नंतर समजलं. ज्याच्याकडं ते होतं त्याला तू हॉस्टेलवर जाऊन भेटला होतास आणि तो परत करील त्या क्षणी रांगेत मागं उभं राहायचं म्हणून भिलवडीहून पहिल्या एसटीनं आला होतास.

तिथून पुढं जवळजवळ फेब्रुवारीपर्यंत ते दोन ग्रंथ आपल्या दोघांच्या चार बी.टी.मध्ये फिरत राहिले. गोल्डस्टाइन कधी तुझ्या नावावर, मुदत संपली की माझ्या. लीळाचरित्र कधी माझ्या नावावर, मग तुझ्या. मधे कधीतरी दुसरं कुणी मागून जायचं, आठ दिवस आपल्याला थांबावं लागायचं, ते रास्तच होतं. पण पुस्तक परत आलं की आपल्यापैकी कुणीतरी रांगेत असायचं. आणि यातलं आपण कधी ठरवलं नाही. आज कुणाची पाळी हे विचारलंही नाही. तारीखपट्टी बघितली की कळायचं.

आता तू ट्रेच्या बाजूनं बघ. काका तारीख उघडतात. तुझ्या नावाचा खिसा, वर्ग टी.वाय.बी.एस्सी., आत पत्र कसलं? 891.46, मराठी वाङ्मय. त्याच तारखेच्या आसपास माझ्या नावाचा खिसा आणि आत 531. तुझ्या नावात माझं पुस्तक, माझ्या नावात तुझं. हे मी म्हणत होते ते लिहिलेलं. आख्ख्या कॉलेजात हे वाचू शकणारा एकच माणूस होता आणि त्यानं ते महिनोन् महिने वाचलं.

तो माणूस बोलला कसा नाही, हे मला तेव्हा कळलं नाही. स्वतः देवघेवीच्या टेबलामागं बसायला लागल्यावर कळलं. तिथून खूप दिसतं. कोण कुणासाठी जागा धरतो, कोण वडिलांच्या आजाराबद्दल वाचतोय, कुणाचं मन अभ्यासातून उडालंय. पुस्तक देणाऱ्यानं ते बघून न बघितल्यासारखं करायचं असतं. हे कुठल्या अभ्यासक्रमात शिकवत नाहीत. काकांना ते शिकवावं लागलं नव्हतं.

मग निरोपाचा दिवस आला. परीक्षा मार्चमध्ये, म्हणून समारंभ फेब्रुवारीच्या अखेरीस ठेवलेला. त्याच दिवशी नो ड्यूजवर सही, कारण ग्रंथालयाची सही असल्याशिवाय ऑफिस हॉल तिकीट देणार नव्हतं. मुली साड्या नेसून आलेल्या. मी आईची जांभळी इरकल नेसले होते. हॉलमध्ये माइक तपासणं चालू होतं आणि ग्रंथालयाच्या दारातून पायऱ्यांपर्यंत रांग.

ब्राउन पद्धत नेमकी या दिवशी अडते. ट्रे तारखेनं लावलेला असतो, नावानं नाही. पुस्तक समोर आलं तर काही क्षणांत त्याची बी.टी. सापडते. पण माणूस समोर येऊन "माझ्या नावावर काय आहे?" म्हणाला तर उत्तर ट्रेमध्ये असूनही सापडत नाही, सगळा ट्रे उपसावा लागतो. शिवाय एखादी बी.टी. चुकून पुढच्या-मागच्या तारखेत गेलेली असते, दाखल क्रमांकाचे आकडे उलटसुलट वाचलेले असतात. म्हणून नो ड्यूजच्या आदल्या दिवशी जाणता माणूस ट्रेमधली प्रत्येक बी.टी. बाहेर काढतो, वाचतो आणि नावानिशी यादी करतो. काकांनी तसंच केलं होतं. त्यांच्यासमोर आखीव कागदांची चळत होती आणि ते एकेकाचं नाव घेऊन, त्याच्याकडचं पुस्तक मोठ्यानं वाचून दाखवत होते. कुणाचं तरी गाइड निघालं, कुणाची कादंबरी निघाली, रांग हसत होती.

माझ्या पोटात खड्डा पडला होता. माझ्यापुढं चार जण होते, माझ्यामागं तू. माझं नाव वाचतील आणि म्हणतील, क्लासिकल मेकॅनिक्स. सगळी रांग ऐकेल. मग तुझं नाव आणि लीळाचरित्र. रांगेत माझ्या मामाच्या मित्राचा मुलगा होता. इतके महिने जपलेलं आता सगळ्यांसमोर वाचलं जाणार. आपण रांगेतून बाहेर पडावं आणि उद्या यावं असंही मनात आलं, पण उद्या सही मिळणार नव्हती.

माझी पाळी आली. काकांनी यादीकडं बघितलंच नाही. खण उघडला आणि आतून रबर लावलेल्या दोन बी.टी. काढल्या. एक तुझी, एक माझी. आदल्या दिवशी दोन वेगवेगळ्या तारखांतून काढून त्यांनी त्या एकत्र ठेवल्या होत्या. मोठ्यानं काही वाचलं नाही. माझ्या खांद्यावरून तुझ्याकडं बघून हळूच म्हणाले, "दोघं एकदमच या."

तू पुढं आलास. पिशवीतून मी लीळाचरित्र काढलं, तू गोल्डस्टाइन काढलंस. काकांनी रबर काढलं. माझ्या खिशातलं पत्र तुझ्या पुस्तकात गेलं, तुझ्या खिशातलं माझ्या. दोन्ही बी.टी.वर त्यांनी "रद्द" असा शिक्का मारला, आपल्या दोन कागदांवर सही केली आणि कागद पुढं सरकवत म्हणाले, "आता नावावर काही नाही. मोकळे झालात."

मागचा मुलगा पुढं सरकला. पाठीमागं पुन्हा नावं वाचली जाऊ लागली.

आपण आपोआप त्याच टेबलाकडं गेलो. का गेलो, तिथं आता काही काम नव्हतं. तुझ्याबरोबर एकदम जायला नको म्हणून मी एरवी थांबले असते, त्या दिवशी थांबले नाही. तू खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलास आणि माझ्याकडं न बघता म्हणालास, "मला मोकळं व्हायचं नव्हतं."

हे तू सगळ्यांना सांगतोस. लेकीला सांगितलंस, तुझ्या बहिणींना सांगितलंस, माझ्या निवृत्तीच्या समारंभातसुद्धा सांगितलंस. आणि पुढं म्हणतोस, की ही काहीच बोलली नाही, पदर सावरून समारंभाला निघून गेली. लोकांना ते ऐकायला छान वाटतं. पण तसं झालेलं नाही. तू ऐकलंस ते विसरलायस, किंवा माइकच्या आवाजात तुला नीट ऐकूच आलं नसेल, म्हणून इथं लिहिते.

मी तुला आधी विचारलं, "एम.एस्सी.ला कोल्हापूरच ना?"

तू मान हलवलीस.

मी म्हणाले, "मग विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात बाहेरच्या माणसाला बी.टी. मिळते का, तेवढं विचारून ठेव." त्या वाक्यात मी पहिल्यांदा तुला "ठेवा" म्हटलं नाही.

तू जरा विचार केलास. तुझं ते जुनंच, प्रश्नाला प्रश्न म्हणूनच घ्यायचं. म्हणालास, "बाहेरच्याला देत नसतील. निदान घरी न्यायला तरी नाही."

"तिथं ग्रंथालयशास्त्राचा वर्ग आहे म्हणतात," मी म्हणाले. "बाहेरच्याला देत नसतील तर मी प्रवेशच घेते. घरी मी सांगीन. तुझ्या बहिणींची लग्नं होईपर्यंत मला घाई नाही."

तेव्हा तू पहिल्यांदा वर बघितलंस.

तुझी,
गावभागातली